वर्तुळात मांडलेल्या ‘खळखळ’चे उत्तर दीड कसे येते?

पाटीपेन्सिल
भाचीला अकरावीच्या गणितात मदत करताना मी स्वतःच अडकलो आहे, म्हणून हा धागा. ‘खळखळ’ या शब्दातील चार अक्षरे एका ओळीत किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतील, हा पहिला प्रश्न आम्ही सहज सोडवला. चारही अक्षरे वेगळी असती तर ४! म्हणजे २४ मांडण्या झाल्या असत्या. पण ख दोनदा आणि ळ दोनदा आहे, म्हणून २४ ला २! ने आणि पुन्हा २! ने भागून ६ आले. तेवढ्यावर थांबायचे सोडून भाचीने विचारले की हीच अक्षरे एका गोल चकतीच्या कडेने लिहिली आणि चकती फिरवून जुळणाऱ्या मांडण्या एकच धरल्या, तर त्या किती होतील.

मी आत्मविश्वासाने सांगितले की गोल मांडणीत जितक्या जागा तितक्यांनी भागायचे असते. सहा भागिले चार म्हणजे दीड! भाची माझ्याकडे पाहते आहे आणि मी कागदाकडे पाहतो आहे. चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, हे कृपया कोणी सांगेल का? नुसते बरोबर उत्तर नको, भागाकार का फसला ते हवे आहे.

उगाचच
उत्तर दीड आले आहे, म्हणजे शहाणपणाबद्दल शंका घेण्याचे कारणच उरले नाही.

सरळरेषा
चूक सोपी आहे. वर्तुळाचे सूत्र फक्त सगळ्या वस्तू वेगळ्या असतील तेव्हाच चालते. अक्षरे पुन्हा येत असतील तर जागांच्या संख्येने कधीही भागू नये. त्याऐवजी एक अक्षर एका जागी पक्के करावे आणि उरलेली अक्षरे ओळीत मांडल्यासारखी मोजावीत. येथे एक ख वरच्या जागी पक्का करा. उरले ख, ळ, ळ. त्यांच्या मांडण्या ३! भागिले २! म्हणजे ३. म्हणून उत्तर ३ आहे.

गोलमेज
मला हा प्रश्नच पटत नाही. गोल टेबलाभोवती खुर्च्या असतात आणि प्रत्येक खुर्ची वेगळी असते. एक दाराकडे तोंड करून असते, एक खिडकीजवळ असते. त्यामुळे सहा माणसे सहा खुर्च्यांवर ७२० प्रकारेच बसतील, १२० प्रकारे नव्हे. भागण्याची गरजच काय?

पाटीपेन्सिल
@गोलमेज, मुद्दा योग्य आहे, पण माझ्या प्रश्नात खुर्च्या नाहीत. चकती फिरवता येते आणि फिरवलेली मांडणी वेगळी मानायची नाही, असे भाचीने स्पष्ट सांगितले होते.

@सरळरेषा, तुमचे ३ हे उत्तर पूर्णांकात आले याचा आनंद झाला, पण आम्ही हाताने मांडून पाहिले तेव्हा दोनच चकत्या मिळाल्या. तिसरी कोणती?

जुनी वही
पाटीपेन्सिल, तुमच्या दोन चकत्या बरोबर आहेत आणि तिसरी अस्तित्वात नाही. सहाच मांडण्या आहेत, त्यामुळे सगळ्या समोर मांडून पाहू.

खखळळ घ्या. चकती एक-एक घर फिरवत गेलो की तिच्यापासून खळळख, ळळखख आणि ळखखळ मिळतात, आणि चौथ्या वेळी आपण पुन्हा खखळळ वर येतो. म्हणजे ओळीतल्या या चार मांडण्या मिळून एक चकती झाली. आता खळखळ घ्या. एक घर फिरवल्यावर ळखळख मिळते, पण दुसरे घर फिरवताच पुन्हा खळखळ समोर येते. ही चकती अर्ध्या फेरीतच स्वतःवर परत येते, म्हणून तिच्या वाट्याला ओळीतल्या दोनच मांडण्या येतात. चार आणि दोन मिळून सहा, आणि चकत्या दोन.

भागाकार का फसला याचे उत्तर यातच आहे. एकूण मांडण्यांना ४ ने भागताना आपण न बोलता असे धरलेले असते की प्रत्येक चकतीला ओळीतल्या बरोबर चार मांडण्या मिळतात. सहा वेगळी माणसे टेबलाभोवती बसतात तेव्हा हे खरे असते, कारण पूर्ण फेरी होईपर्यंत कोणतीही मांडणी स्वतःसारखी दिसत नाही. म्हणून ७२० चे सहा-सहाचे १२० गट पडतात आणि एकही गट तोकडा राहत नाही. ‘खळखळ’मध्ये एक गट चारचा आहे आणि एक दोनचा. गट सारखे नसतील तर भागाकार गटांची संख्या सांगत नाही. दीड मधला अर्धा म्हणजे तो तोकडा गट, जो भागाकाराने अर्धाच धरला.

सरळरेषा यांची वाट जवळची आहे, पण त्यांनी पक्का केलेला ख कोणता? दोन ख एकसारखे आहेत. त्यांच्या तीन मांडण्या म्हणजे खखळळ, खळखळ आणि खळळख. पहिली आणि तिसरी ही एकच चकती आहे, फक्त एकदा एक ख वर धरून पाहिली आहे आणि दुसऱ्यांदा दुसरा. पक्के करण्याची युक्ती त्याच अक्षरावर चालते जे शब्दात एकदाच आलेले आहे.

सरळरेषा
मान्य आहे. खळळख लिहून पाहायला हवे होते. तरीही माझे पहिले वाक्य टिकते ना? अक्षरे पुन्हा येत असतील तर भागू नये.

जुनी वही
तेही पूर्णपणे टिकत नाही. ‘खटपट’ घ्या. ओळीत ४! भागिले २! म्हणजे १२ मांडण्या होतात, आणि येथे ४ ने भागून ३ मिळतात ते अगदी बरोबर आहे. ख एकदाच आला आहे, त्यामुळे तो जिथे असेल तिथून चकती वाचायला सुरुवात करता येते आणि उरलेले ट, प, ट तीन प्रकारे बसतात. ट दोनदा आला तरी बिघडले नाही, कारण ख मुळे कोणतीही चकती पूर्ण फेरीआधी स्वतःवर येऊच शकत नाही.

एकदाच आलेले अक्षर नसले तरी कधी कधी चालते. दोन ख आणि तीन ळ यांच्या ओळीत १० मांडण्या होतात आणि चकत्या २. चकती मध्येच स्वतःवर यायची असेल तर ती सारख्या तुकड्यांची बनलेली असली पाहिजे आणि प्रत्येक अक्षर त्या तुकड्यांत समान वाटले गेले पाहिजे. दोन आणि तीन यांना एकाच वेळी निःशेष भागणारी १ सोडून दुसरी संख्या नाही, म्हणून असे तुकडे पडत नाहीत आणि भागाकार सुरक्षित राहतो.

तिन्हीसांज
विषय निघालाच आहे तर माझी अडचण मांडते. आमच्या कामाच्या ठिकाणी सहा जणांची गोल टेबलाभोवती बैठक असते आणि त्यातील दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना शेजारी न बसवता किती प्रकारे बसवता येईल, हे मी सहज म्हणून काढले. आधी बाकीच्या चौघांना बसवले, ते ३! म्हणजे ६ प्रकारे. मग चौघांमध्ये पाच फटी असतात, त्यांतील दोन फटींत या दोघांना बसवायचे, ते ५ गुणिले ४ म्हणजे २० प्रकारे. गुणाकार १२० आला. पद्धत पुस्तकातलीच आहे, पण उत्तर बरोबर वाटत नाही.

उगाचच
दोघे बोलत नाहीत ते बरेच आहे. बोलत असते तर बैठक संपली नसती आणि मोजायला वेळ मिळाला नसता.

पाटीपेन्सिल
तिन्हीसांज, तुमची शंका रास्त आहे, कारण कोणतीही अट न घालता सहा जणांच्या गोल मांडण्याच १२० आहेत. म्हणजे तुमच्या हिशेबाप्रमाणे त्या दोघांच्या भांडणामुळे एकही मांडणी बाद झाली नाही. ते कसे शक्य आहे?

जुनी वही
पाच फटी ओळीत असतात, कारण ओळीला दोन टोके असतात आणि टोकाबाहेरही बसता येते. वर्तुळाला टोक नाही. चौघे गोल बसले की त्यांच्यामध्ये चारच फटी राहतात. म्हणून ६ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ७२.

पडताळा वेगळ्या वाटेने घ्यावा, त्याच वाटेने पुन्हा चालू नये. त्या दोघांपैकी एकाला कुठेही बसवा आणि ती जागा पक्की धरा. उरलेल्या पाच जागांपैकी दोन त्याच्या शेजारच्या आहेत, म्हणून दुसऱ्यासाठी तीन जागा राहतात. बाकीचे चौघे उरलेल्या जागांवर २४ प्रकारे बसतील. तीन चोवीसे बहात्तर.

तिन्हीसांज
आभारी आहे. फटींची संख्या पाठ केली होती, ती कुठून आली हे पाहिले नव्हते. ही दुसरी वाट मला अधिक आवडली, कारण तिच्यात फटी मोजाव्याच लागत नाहीत. @गोलमेज यांनी म्हटल्याप्रमाणे आमच्याकडेही एक खुर्ची फळ्यासमोरची आहे आणि तिच्यावरून वेगळेच वाद होतात. त्या हिशेबाने ७२ ला पुन्हा ६ ने गुणावे लागेल ना?

गोलमेज
नेमके हेच मी म्हणत होतो. जागा ओळखता येत असतील तर ४३२. प्रश्नपत्रिकेत ‘गोल टेबलाभोवती’ एवढेच लिहितात आणि खुर्च्या सारख्या आहेत की वेगळ्या हे विद्यार्थ्याने मनकवडेपणाने ओळखायचे असते. हा दोष विद्यार्थ्याचा नाही.

जुनी वही
गुणाकार बरोबर आहे. प्रश्नपत्रिकेबद्दल मी अर्धा सहमत आहे. काहीही सांगितलेले नसेल तर फिरवून जुळणाऱ्या मांडण्या एकच धरण्याचा प्रघात आहे. पण प्रघात हा प्रश्नात लिहिलेला नसतो, हे खरे.

सरळरेषा
अक्षरांकडे परत येतो. ‘खटपट’मध्ये दोन ट शेजारी येऊ नयेत अशी अट घातली तर? मी दोन्ही ट एकत्र बांधले, म्हणजे ख, प आणि बांधलेली जोडी अशा तीन वस्तू झाल्या, त्या ३! प्रकारे. जोडीच्या आत ट ची अदलाबदल २! प्रकारे. एकूण १२. ओळीतल्या सगळ्या मांडण्याही १२, म्हणून शेजारी नसलेल्या मांडण्या शून्य.

तिन्हीसांज
सरळरेषा, तुम्ही जो शब्द लिहिला आहे त्यातच दोन ट शेजारी नाहीत. शून्य कसे होईल?

सरळरेषा
हे माझ्या नजरेतून सुटले, याची कबुली देतो. म्हणजे जोडीच्या आतल्या अदलाबदलीचे २ येथे नको होते, कारण ट आणि ट यांची अदलाबदल केली तरी दिसायला काहीच बदलत नाही. जोडीत माणसे असतील तर ते दोन हवेत. शेजारी असलेल्या मांडण्या ६ आणि नसलेल्याही ६.

जुनी वही
अगदी बरोबर. सवयीने २! ने गुणण्याची ही चूक वर्गात मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे, आणि ती बहुधा त्याच मुलांकडून होते ज्यांनी आदल्या दिवशी माणसांच्या जोड्यांची गणिते केलेली असतात.

अनुस्वार
गणितापेक्षा मला अक्षराची शंका आहे. ‘सारासार’ या शब्दात एकसारखी अक्षरे कोणती? माझ्या मते सा, रा, सा, र अशी चार अक्षरे आहेत आणि केवळ सा दोनदा आला आहे, म्हणून मांडण्या १२. आमच्याकडे एकाने र आणि रा हे एकच अक्षर धरून ६ सांगितले. त्याचे म्हणणे असे की मूळ अक्षर र आणि काना वेगळा.

सरळरेषा
काना वेगळा धरला तर तोही मांडावा लागेल. मग सहा तरी कसे येतील?

यंत्रमानव नव्हे
मी धाग्यातली उत्तरे संगणकावर पडताळून पाहत होतो, तेव्हा याच ठिकाणी गंमत झाली. पहिली छापलेली संख्या ओळीतल्या मांडण्यांची आहे आणि दुसरी चकत्यांची.

```
from itertools import permutations
s = "खळखळ"
w = set(permutations(s))
print(len(w), len({min(x[i:] + x[:i] for i in range(len(x))) for x in w}))
```

‘खळखळ’साठी ६ आणि २ आले, म्हणजे जुनी वही यांचे उत्तर पक्के. पण ‘सारासार’ घातल्यावर १२ ऐवजी २१० आले! कारण संगणकाच्या दृष्टीने त्या शब्दात स, र आणि काना अशी सात चिन्हे आहेत: स दोनदा, र दोनदा, काना तीनदा. ७! ला २!, २! आणि ३! ने भागले की २१० होतात. त्यांतील कित्येक मांडण्यांत काना सर्वांत आधी येतो, ज्या वाचताच येत नाहीत. म्हणून हा कार्यक्रम काना-मात्रा नसलेल्या शब्दांसाठीच वापरावा.

अनुस्वार
म्हणजे १२, ६ आणि २१० अशी तीन उत्तरे झाली. सहाला आधार नाही हे कळले, पण ‘अक्षर’ म्हणजे काय हे प्रश्नात सांगितल्याशिवाय उरलेल्या दोघांत निवाडा कसा करावा? जोडाक्षर आले तर आणखी पंचाईत.

जुनी वही
बोलताना आपण सा ला एकच अक्षर म्हणतो, म्हणून मी १२ च्या बाजूचा. पण हे मत आहे, सिद्धता नव्हे.

जाता जाता सांगतो, पाटीपेन्सिल यांचा पहिला प्रश्न पुष्कळ जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे आणि त्यात २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतात हे विचारले आहे. दोन जोड्यांचे तेच गणित, उत्तर तेच ६. शिवाय त्या सहाही संख्यांची बेरीज विचारली आहे, ती ९९९९ येते.

पाटीपेन्सिल
बेरीज करून पाहिली, खरोखरच ९९९९ येते. आता मूळ प्रश्नाकडे. एक धडा मी घेतला होता की भागाकार पूर्णांकात आला नाही तर समजावे काहीतरी चुकले. भाचीने तोही मोडीत काढला. तिने ‘कमळकमळ’ घेतले, म्हणजे क, म, ळ प्रत्येकी दोनदा. ओळीत ७२० भागिले ८ म्हणजे ९०. सहाने भागले की १५, अगदी स्वच्छ. पण वरचा कार्यक्रम ९० आणि १६ दाखवतो. आता कोणावर विश्वास ठेवू?

जुनी वही
कार्यक्रमावर. अपूर्णांक आला तर चूक नक्की आहे, पण पूर्णांक आला म्हणून उत्तर बरोबर आहे असे होत नाही. अर्ध्या फेरीत स्वतःवर येणाऱ्या मांडण्या शोधा. पहिल्या तीन जागांवर क, म, ळ प्रत्येकी एकदा हवेत आणि पुढच्या तिघांत तोच क्रम पुन्हा हवा, म्हणून अशा मांडण्या ३! म्हणजे ६ आहेत. त्या तीन-तीनच्या गटांत पडतात, म्हणून चकत्या २. उरलेल्या ८४ मांडण्या सहा-सहाच्या गटांत पडतात, म्हणून चकत्या १४. एकूण १६. भागाकाराने दोन तोकडे गट अर्धे-अर्धे धरून त्यांचा एक केला, म्हणून १५ आले आणि चूक झाकली गेली. ‘खळखळ’मध्ये तोकडा गट एकच होता, म्हणून अर्धा उघडा पडला.

असे गट वेगळे काढणे जड जाईल तिथे दुसरी रीत आहे. प्रत्येक फिरवण्यात किती मांडण्या जशाच्या तशा राहतात ते मोजायचे, बेरीज करायची आणि मग जागांच्या संख्येने भागायचे. ‘खळखळ’मध्ये चकती न फिरवता ६, पाव फेरीत ०, अर्ध्या फेरीत २, पाऊण फेरीत ०. बेरीज ८, भागिले ४ म्हणजे २. ही रीत बर्नसाइड यांच्या नावाने ओळखली जाते, परंतु त्यांनी स्वतः १८९७ च्या ग्रंथात तिचे श्रेय फ्रोबेनियस यांना दिले होते.

गोलमेज
म्हणजे भागायचेच होते, फक्त आधी बेरीज करायची राहिली होती. हे मला पटले, आणि मला सहसा काही पटत नाही.

तिन्हीसांज
चकतीऐवजी माळ असेल तर? माळ उलटवूनही धरता येते. मग १६ चे निम्मे, ८?

जुनी वही
पुन्हा तोच सापळा आहे. निम्मे करणे म्हणजे प्रत्येक चकतीला आरशातली वेगळी जोडीदार आहे असे धरणे. काही चकत्या उलटवल्या तरी तशाच दिसतात, त्यांना जोडीदार नसतो. येथे अशा ६ आहेत आणि उरलेल्या १० च्या ५ जोड्या होतात, म्हणून माळा ११.

पाटीपेन्सिल
भाचीने रात्री बसून हाताने माळा लिहून काढल्या. तिला १० मिळाल्या आहेत आणि अकरावी सापडत नाही. प्रत्येक दोनदा तपासली, कोणतीही पुन्हा आलेली नाही.

अनुस्वार
यादीत ‘कमळकमळ’ आहे का?

पाटीपेन्सिल
नाही. तो शब्द प्रश्नातच लिहिलेला असल्यामुळे तिने तो यादीत घेतलाच नव्हता.